आधी फ्रीज, मग मंडई: घरात आहे त्यावरून आठवड्याचा मेनू

प्रश्न: आम्ही घरात चौघं, दोघांचे डबे असतात. दर रविवारी मंडईतून आठवड्याची भाजी आणते, मेनू लिहून फ्रीजच्या दाराला लावते. तरी शुक्रवारी पालेभाजी पिवळी, अर्धा कोबी काळा, इडलीचं पीठ आंबून गेलेलं, एखाद्या डब्यात कधीचं तरी वरण, असं दर आठवड्याला टाकावं लागतं. एकजण गुरुवारी उपास करतो. जे आहे त्यावरून मेनू कसा बसवायचा?

उत्तर:

मेनू लिहिता हे ठीकच, पण बहुतेक घरांत तो चुकीच्या टोकाकडून लिहिला जातो. सोमवारी भेंडी, मंगळवारी पनीर, बुधवारी पालक असे आधी पदार्थ ठरतात, मग त्यांची यादी घेऊन मंडई. फ्रीजमध्ये आधीपासून असलेला अर्धा कोबी त्या कागदावर कुठेच नसतो. त्यामुळे तो आठवडाभर नव्या भाजीच्या मागे सरकत जातो आणि हाताला लागतो तेव्हा कडेने काळा पडलेला असतो. म्हणून मेनू शनिवारी रात्री लिहायचा, मंडईत जाण्याआधी, आणि तोही फ्रीज उघडून. मंडईची यादी त्या मेनूतून शेवटी निघते.

पंधरा मिनिटं लागतात. सगळे डबे आणि भाजीचा ट्रे ओट्यावर काढा. स्टीलच्या डब्यात आत काय आहे ते बाहेरून कळत नाही, म्हणून प्रत्येक झाकण उघडून बघा. तसंही यापुढे स्टीलच्या डब्यावर कागदी चिकटपट्टी लावून वार लिहीत जा. "हे कधीचं?" हा प्रश्न जिथे पडतो तिथे अन्न हमखास टाकलं जातं, कधी ते चांगलं असतानाही. मग प्रत्येक गोष्टीपुढे एकच गोष्ट लिहा: ही कोणत्या वारापर्यंत टिकेल. पदार्थ अजून ठरवू नका.

तुमच्यासारख्या चौघांच्या घरातला एक नमुना घेऊ. शनिवारी रात्री ओट्यावर हे निघालं:

- दुपारचा भात दोन वाट्या, दुपारचं घट्ट वरण दीड वाटी, आजच्या पोळ्या पाच
- मेथीची एक जुडी, गुरुवारी आणलेली, काही पानं मलूल
- मोड आलेली मटकी दोन वाट्या, मोड कालचे
- ओल्या नारळाची एक कवड
- दूध अर्धा लिटर, उद्या सकाळी नवं येणार
- इडलीचं पीठ सहा वाट्या, दोन दिवसांचं
- आंबट दही दीड वाटी
- सहा टोमॅटो, त्यांतले तीन मऊ
- अर्धा दुधी, लाल भोपळ्याची अर्ध्या किलोची फोड
- कोथिंबिरीची अर्धी जुडी, बरीचशी काड्याच
- अर्धा कोबी, तीन गाजरं

बघायला हा पसारा वाटतो, पण यात बुधवार दुपारपर्यंतचं जेवण आहे. कोणत्या गोष्टीला घाई आहे तेवढं कळलं की क्रम आपोआप लागतो.

सगळ्यांत घाई शिजलेल्या भाताला, आणि इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण याबाबतीत घरोघरी उलट समज आहे. "परत चांगला गरम केला की झालं" हे भाताला लागू नाही. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्याने मरत नाहीत. भात तासन्‌तास ओट्यावर कोमट राहिला की त्यांतून जंतू वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारं ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून भात खरं तर वाचतो किंवा बिघडतो तो शिजल्यानंतरच्या पहिल्या तासा-दीड तासात. कुकरच्या भांड्यात झाकून ठेवलेला भात मधोमध फार वेळ गरम राहतो. जेवणं आटोपली की उरलेला भात परातीत पातळ पसरा, वाफ गेली की डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. आपल्या नमुन्यातला भात दुपारी दोनच्या आत फ्रीजमध्ये गेला असेल तर रविवारी दुपारच्या जेवणात जाईल. संध्याकाळपर्यंत ओट्यावरच होता, तर मेनूत त्याला जागा नाही.

वरण, भाजी, उसळ यांनाही दोन तासांच्या आत फ्रीज मिळायला हवा. चैत्र-वैशाखातल्या उन्हाळ्यात, स्वयंपाकघर तापलेलं असताना, तासाभरातच. पातेलं अगदी गार होण्याची वाट बघू नका. पसरट भांड्यात काढून थोडं निवलं की ठेवून द्या. फ्रीजच्या आत 4 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली तापमान हवं. दाराच्या कप्प्यात ते सारखं वरखाली होतं, म्हणून दुधाचं पातेलं किंवा पिशवी आतल्या फळीवर ठेवा.

भाजीत मलूल आणि सडलेली यांत फरक करा. मलूल मेथी, वाकणारं गाजर यांतलं फक्त पाणी कमी झालेलं असतं. थंड पाण्यात अर्धा तास ठेवलं की बरंचसं परत येतं. पिवळी पानं खुडून टाकायची, बाकी जुडी चांगली. पण पान काळं, बुळबुळीत झालं असेल तर ती सड आहे आणि ओल्या जुडीत ती शेजारच्या पानांना लागत जाते. पालेभाजी आणल्याआणल्या धुऊन ठेवली की हेच होतं. मुळं कापून, न धुता, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. धुणं चिरण्याच्या आधी. टोमॅटो, केळी आणि सफरचंद यांच्यातून इथिलीन वायू निघतो, त्याने पालेभाजी आणि काकडी लवकर पिवळी पडते, म्हणून ती एका ट्रेमध्ये नको.

आता घाईप्रमाणे मांडू. भात, वरण, पोळ्या, मेथी, मटकी, नारळ आणि दूध यांना रविवार-सोमवार. पीठ, मऊ टोमॅटो, दुधी, भोपळ्याची फोड, कोथिंबीर यांना मंगळवारपर्यंत. कोबी आणि गाजर बुधवारी, आणि घाई झाली नाही तर त्याही पुढे. लाल भोपळ्याबद्दल अनेकांचा घोटाळा होतो. अख्खा भोपळा बाहेर महिनोन्‌महिने राहतो, म्हणून फोडही टिकेल असं वाटतं. फोड मधल्या तंतूंकडून आणि बियांकडून बिघडते. त्या दिवशीच चमच्याने तो भाग खरवडून काढला तर चार-पाच दिवस मिळतात, नाहीतर दोन.

शनिवारी रात्रीच दोन कामं उरकून घ्या. दुधातलं एक चमचा दूध छोट्या कढईत तापवून बघा. फाटलं नाही तर अर्धा लिटर दूध उकळून, कोमट झाल्यावर विरजण लावा. उद्याचं दूध येणारच असताना आजचं उरलेलं पातेल्यात मिसळत राहण्याने दोन्ही बिघडतात, त्यापेक्षा हे बरं. चमचाभर फाटलं, पण वास ठीक असेल तर लिंबू पिळून सगळंच फाडा. अर्ध्या लिटरचं शंभर ग्रॅमच्या आसपास पनीर निघेल. कडवट वास असेल तर मात्र टाकायचं. दुसरं काम नारळ खवण्याचं. कवड फ्रीजमध्ये दोन-तीन दिवसांत पिवळसर आणि चिकट होते. खवून अर्धा चव उद्याच्या चटणीला ठेवा, अर्धा पिशवीत पातळ थापून फ्रीझरमध्ये. जाड गोळा गोठवला तर हवा तेवढा तुटत नाही. पातळ थराचा हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो.

रविवार सकाळ: डोसे. पिठाचा आंबटपणा दिवसागणिक वाढत जातो, फ्रीजमध्येही तो थांबत नाही, फक्त मंदावतो. म्हणून त्याचा क्रम ठरलेला आहे: पहिल्या दिवशी इडली, दोन-तीन दिवस डोसा, त्यापुढे उत्तप्पा किंवा आप्पे. जुन्या पिठाची इडली करायला गेलात तर ती आंबट आणि चपटी होते, कारण फुगवणारी हवा निघून गेलेली असते. सहा वाट्यांतल्या चार वाट्यांचे दहाएक डोसे होतात. चटणीत कोथिंबिरीच्या काड्या घाला, वास पानांइतकाच चांगला लागतो. पानं वेगळी ठेवून दुपारच्या कढीवर घालायची.

रविवार दुपार: मेथीची पीठ पेरून भाजी, भाकरी, आंबट दह्याची कढी आणि कालचा भात. मेथीची एक जुडी चौघांना परतून केली तर पुरत नाही, शिजल्यावर ती पाव होते. तीन-चार मोठे चमचे बेसन पेरलं की पुरते. दही फारच आंबट असेल तर त्यात दोन वाट्या थंड पाणी घालून अर्धा तास फ्रीजमध्ये स्थिर ठेवा आणि वर आलेलं पाणी हलक्या हाताने ओतून द्या. बराच आंबटपणा त्याबरोबर जातो. उरलेल्या दह्यात गॅसवर ठेवण्याआधीच, थंड असताना, दोन मोठे चमचे बेसन आणि तीन वाट्या पाणी घुसळून एकजीव करा आणि पहिली उकळी येईपर्यंत ढवळत राहा. कढी फुटते ती दोन कारणांनी: बेसन मागाहून घातलं किंवा ढवळणं मध्येच सोडलं. भात वाफेवर पूर्ण गरम करून वाढा. दोन वाट्या भात चौघांच्या जेवणाला कमीच, पण आधी भाकरी झालेली असते, शेवटच्या कढीभातापुरता तो बरोबर होतो.

रविवार रात्र: वरणफळं. दीड वाटी घट्ट वरणात चार वाट्या पाणी, गोडा मसाला, दोन आमसुलं, थोडा गूळ आणि वरून फोडणी. दीड वाटी कणकेची घट्ट पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापा. ते सोडताना आमटीला खळखळून उकळी हवी. कोमट आमटीत सोडले तर एकमेकांना चिकटून गोळा होतो आणि तळाला वरण लागतं. एकेक तुकडा सोडत, मधून मधून हलवत दहा-बारा मिनिटं. फळं पाणी शोषतात, म्हणून सुरुवातीला आमटी पातळच वाटली पाहिजे. हे मात्र पुन्हा उरवू नका. एकदा उरलेल्यावरून केलेलं पुन्हा फ्रीजमध्ये घालून पुन्हा तापवायचं, हा खेळ एकदाच.

सोमवार सकाळ फोडणीच्या पोळीची. पाच पोळ्या कुस्करून, कांदा भरपूर, पाण्याचा हबका मारून झाकण. डब्याला मटकीची उसळ. मोड आलेलं कडधान्य ओलं ठेवलं तर मोड वाढत जातात, मग बुळबुळीत होतात. सोमवारच्या पुढे ती नेऊ नका आणि कच्ची कोशिंबीर करण्यापेक्षा नीट शिजवा. मोड येण्याच्या उबेत आणि ओलीत जंतूही तितक्याच आनंदाने वाढतात. दोन वाट्या मोड चौघांना एका जेवणाला पुरतात, म्हणजे दोघांचे डबे आणि घरी दोन ताटं. वाटणाला फ्रीझरमधल्या नारळाचा एक तुकडा.

सोमवारी रात्री दुधीची थालीपीठं आणि शनिवारी लावलेलं दही. दुधी चिरण्याआधी कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर सगळा दुधी टाका. कडवटपणा कुकुर्बिटासिन या द्रव्यामुळे येतो, शिजवून किंवा मसाला घालून तो जात नाही आणि त्याने खरोखर माणसं आजारी पडतात. हाच नियम दोडक्याला आणि काकडीला. गोड निघाला तर एक वाटी कीस आणि दोन वाट्या भाजणी, मीठ-तिखट घालून आधी पाच मिनिटं तशीच ठेवा. किसाचं पाणी सुटतं आणि बहुधा तेवढ्यातच भिजतं. सुरुवातीलाच पाणी घातलं की थालीपीठ थापताना पसरत जातं आणि मग आणखी भाजणी, आणखी थालीपीठं, म्हणजे आणखी उरलेलं. दुधीच्या सालीची तीळ घालून कोरडी चटणी मंगळवारच्या डब्यात.

मंगळवार: सकाळी उरलेल्या दोन वाट्या पिठाचे आप्पे. पीठ आता बऱ्यापैकी आंबट असेल. अर्धी वाटी रवा, किसलेलं एक गाजर आणि मूठभर कोबी घालून दहा मिनिटं ठेवा, रव्याने आंबटपणा दबतो. वीसेक आप्पे होतात. डब्याला भोपळ्याची भाजी. सालासकट केली तर फोडी अखंड राहतात. रात्री मुगाच्या डाळीची खिचडी आणि मऊ टोमॅटोचं सार. सारासाठी टोमॅटो उकडून, साल काढून, गाळून घ्या. फ्रीझरमधला नारळ वाटून त्याचं दूध घाला. नारळाचं दूध घातल्यावर सार खळखळून उकळू नका, फुटेल. मऊ टोमॅटो म्हणजे मऊच, बुरशीचा डाग असलेला नव्हे.

बुधवारी डब्यात चण्याची डाळ घालून कोबी. डाळ मंगळवारी रात्री भिजत घालायची, हे मेनूच्या कागदावर मंगळवारच्या ओळीत लिहा, बुधवारच्या नव्हे. कोबीचा कापलेला भाग काळा पडला असेल तर तेवढीच कड काढा, आतली पानं चांगली असतात.

बुधवारची रात्र मात्र कागदावर मोकळी ठेवा. मेनू बिघडतात ते इथेच. चौदा जेवणं पक्की लिहिली की एकदा बाहेर जेवण झालं, शेजारून डबा आला, मुलाचा वाढदिवस झाला की मागचं सगळं पुढे सरकतं आणि शुक्रवारी तीन दिवसांचं एकदम साठतं. मोकळ्या रात्री जे उरलं असेल ते खायचं. काहीच उरलं नसेल तर पिठलं-भात. चार माणसांच्या घराला आठवड्यात अशा दोन जागा लागतात, एक बुधवारी आणि एक शुक्रवारी.

गुरुवारचा उपास मेनूत वेगळ्या पदार्थाच्या रूपात लिहिण्यापेक्षा ताटांच्या आकड्याने लिहा. प्रत्येक ओळीपुढे किती ताटं ते. "गुरु, दुपार: 3. गुरु, रात्र: 3, उपासाचं 1." भात आणि आमटी सवयीने नेहमी चौघांचीच लागते, आणि शुक्रवारी जे टाकलं जातं त्यातलं बरंचसं गुरुवारचं असतं. उपासाची भगर किंवा साबुदाणा एकाच माणसापुरता भिजवा. एकासाठी पाऊण वाटी साबुदाणा पुरतो, तोही भिजून दुपटीच्या आसपास होतो. एकाचा उपास आणि तीनजणांनी खाल्लेली खिचडी हेही होतंच. मग ती तिघांची रात्र समजा आणि वेगळा भात लावू नका.

आता मंडई. घरातलं बुधवार दुपारपर्यंत पुरतंय, तेव्हा रविवारी फक्त गुरुवार ते शनिवारचं आणायचं, आणि तेही टिकणारंच: गवार पाव किलो, एक छोटा फ्लॉवर, काकड्या, लिंबं. पालेभाजी रविवारी आणूच नका, ती गुरुवारपर्यंत पडून राहील. बुधवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून एकच जुडी. मंडईत दोन जुड्या स्वस्त मिळतात खऱ्या, पण दुसरी जर कचऱ्यात जाणार असेल तर ती स्वस्त कशी? अंदाजासाठी धरा: चौघांना एका वेळच्या सुक्या फळभाजीला पाव किलो ते तीनशे ग्रॅम गवार किंवा भेंडी, अर्धा किलो दुधी किंवा भोपळा, पालेभाजीची एक भरघोस जुडी आणि तिच्यात डाळ किंवा पीठ. बटाटे आणि कांदे फ्रीजबाहेर, पण एका टोपलीत नको. शेजारी असले की बटाट्याला लवकर मोड येतात. हिरवा पडलेला बटाटा किंवा मोडांनी भरलेला, दोन्ही टाकायचे.

मासळी-मटण खात असाल तर त्याचं कोडं सोपं आहे. रविवारी आणलेलं ताजं रविवारीच, फार तर सोमवारी. बुधवारी चिकन हवं असेल तर रविवारी आणून फ्रीझरमध्ये ठेवा, मंगळवारी रात्री फ्रीजच्या खालच्या फळीवर काढा. ओट्यावर वितळवू नका, बाहेरचा भाग तासन्‌तास कोमट राहतो. नारळाच्या वाटणाचं कालवण मसाल्याच्या रश्श्यापेक्षा लवकर आंबतं, ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवलेलं बरं.

वीज गेली तर फ्रीज बंद ठेवा. दार न उघडता आतला गारवा सुमारे चार तास राहतो. गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता दोन दिवस तग धरतो, अर्धवट भरलेला एक दिवस. म्हणजे चार तासांपेक्षा जास्त गेली तर दूध, शिजलेलं आणि कापलेलं आधी बघायचं. भाजीला काही होत नाही.

उरलेल्यातून नवा पदार्थ करण्याच्या उत्साहात बिघडलेलं पोटात जाऊ नये. ब्रेडच्या एका स्लाइसवर बुरशी दिसली तर सगळी पिशवी टाका, ती दिसते त्याहून आत गेलेली असते. पिठावर गुलाबी, नारिंगी किंवा काळे ठिपके, नारळाला चिकटपणा, मटकीला तार, आमटीवर फेस किंवा झाकण उघडताना फुसकन आवाज, यांवर फोडणी हा इलाज नाही. आणि चव घेऊन खात्री करू नका. वास आणि डोळ्यांनी शंका आली तेवढ्यावर टाकायचं. उलट, वास नसला म्हणजे सुरक्षित असंही नाही, भाताचं उदाहरण वर आहेच. म्हणून चिकटपट्टीवरचा वार नाकापेक्षा भरवशाचा. शिजलेल्याची कमाल मर्यादा तीन दिवस धरा, भाताची एक.

फ्रीजची मांडणी बदलायची तर एवढंच करा: डोळ्यांच्या उंचीवरच्या फळीवर एक पसरट ट्रे ठेवा आणि त्या दोन दिवसांत संपवायचं सगळं त्यातच. घरातल्या कुणालाही भूक लागली तर पहिला हात तिथे जातो. डबे एकावर एक तीन मजले रचले तर मागचा महिनाभर दिसत नाही, आणि थंड हवाही फिरत नाही.

शुक्रवारच्या मोकळ्या जागेत आपल्या नमुन्यात काय उरलेलं असेल? दोन गाजरं, तीन टोमॅटो, थोडी गवार, गुरुवारचं वरण. वरण पातळ करून आमटी, गाजराची कोशिंबीर, गवार उकडून थालीपिठात. शनिवारी रात्री पुन्हा ओट्यावर डबे काढाल तेव्हा जुन्या कागदाच्या मागे फक्त टाकलेल्या गोष्टी आणि त्यांचं माप लिहा: "अर्धी जुडी कोथिंबीर, एक वाटी वरण". तीन आठवडे तेच नाव दिसलं तर ते मेनूत बसवण्याची खटपट सोडा आणि आणायचं किंवा लावायचं प्रमाण कमी करा. तुरीची डाळ पाऊण वाटीऐवजी अर्धी वाटी, कोथिंबिरीची अर्धी जुडी शेजारणीबरोबर वाटून.